गणपतीला गावी येताना: ट्रॅव्हल ई-सिम की रोमिंग पॅक?

प्रश्न: आम्ही चौघं जर्मनीहून गणपतीला तीन आठवडे देवगड तालुक्यात गावी येतोय. पहिला आठवडा सुट्टी, पुढचे दोन आठवडे लॅपटॉपवर ऑफिसचं काम, म्हणजे फोनचा हॉटस्पॉट लागणार. जर्मन कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा की भारतासाठीचं ट्रॅव्हल ई-सिम? आत्ताच घेऊन ठेवलं तर मुदत आत्तापासून मोजतात का? आणि हॉटस्पॉट चालेल याची खात्री कशी करायची?

उत्तर:

ट्रॅव्हल ई-सिम घ्या. मात्र 'अनलिमिटेड' लिहिलेलं घेऊ नका, ठरावीक जीबीचं घ्या. जर्मन सिम फोनमध्ये राहू दे, पण फक्त ओटीपी आणि अडीनडीच्या कॉलसाठी. त्यावरचा डेटा पूर्ण बंद. माझं कणकवलीत मोबाईलचं दुकान आहे आणि चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात बाहेरदेशातून आलेले चाकरमानी फोन घेऊन समोर उभे राहतात, तेव्हा भानगड बहुतेक याच दोन गोष्टींत निघते: मुदत कधी सुरू झाली आणि हॉटस्पॉट का चालत नाही.

पण त्याआधी एक फोन गावी करा. 'घरात कुठल्या कंपनीच्या मोबाईलवर व्हिडिओ चालतो' एवढंच विचारा, आणि ते घरात बसून, सड्यावर जाऊन नव्हे. आपल्याकडची गावं खाडीच्या नाहीतर समुद्राच्या बाजूला उतारावर वसलेली, टॉवर वरती सड्यावर. वाडी कड्याच्या आड आली की एका कंपनीची रेंज ओटीवर भरपूर आणि दुसरीची शून्य, हे रोजचंच. परवा मिठबावकडच्या एक आजी सांगत होत्या, "सड्यार गेल्याशिवाय रेंज गावना नाय." चौकशी केली तर त्यांच्या शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीचं सिम उत्तम चालत होतं. ट्रॅव्हल ई-सिम स्वतःचं नेटवर्क आणत नाही. ते इथल्याच कुठल्या तरी कंपनीच्या टॉवरवर पाहुणा म्हणून बसतं, आणि कुठल्या कंपनीवर बसणार हे प्लॅनच्या तपशिलात 'नेटवर्क' या शब्दापुढे लिहिलेलं असतं. एकच नाव असेल आणि तुमच्या वाडीत त्या कंपनीची बोंब असेल, तर प्लॅन कितीही स्वस्त असो, तो तुमच्या कामाचा नाही. दोन नावं असतील तर उत्तम, कारण मग फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून हवं ते हाताने निवडता येतं. रोमिंग पॅकलाही हेच लागू आहे, फक्त तिथे भारतातल्या भागीदार कंपन्यांची नावं शोधायला जरा जास्त पानं चाळावी लागतात.

आता मुदत. लोक एकच तारीख धरून चालतात आणि फसतात, कारण इथे दोन वेगळी घड्याळं असतात. पहिलं घड्याळ खरेदीपासून सुरू होतं: विकत घेतलेलं ई-सिम अमुक दिवसांच्या आत वापरायला काढलं पाहिजे. कोणाकडे ही सवड ३० दिवसांची, कोणाकडे ९०, कोणाकडे १८० किंवा वर्षभराची. ती उलटली की ई-सिम उतरवायचा क्यूआर कोड मेला आणि पैसेही गेले. दुसरं घड्याळ प्रत्यक्ष वापराचं, म्हणजे '३० दिवस, २० जीबी' असं जे लिहिलेलं असतं ते. ते कधी सुरू होतं यात तीन प्रकार आहेत. काही प्लॅन फोनमध्ये ई-सिम उतरवल्याक्षणी सुरू होतात. काही, आणि हे जास्त सोयीचे, ज्या देशासाठी प्लॅन आहे तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर. थोडे असेही आहेत की पैसे भरल्या दिवसापासूनच मोजतात. ते सरळ सोडून द्या.

तुम्ही महिना-दीड महिना आधी घेणार असाल तर पहिली सवड किमान ९० दिवसांची आणि दुसरं घड्याळ 'पहिल्या जोडणीपासून' असंच बघून घ्या. मग निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी जर्मनीतल्या घरच्या वायफायवर ई-सिम फोनमध्ये उतरवून ठेवा आणि ती लाईन बंद करून ठेवा. उतरवल्यापासून सुरू होणारा प्लॅन हातात आला असेल तर हेच काम निघायच्या आदल्या रात्री करा; ३० दिवसांची मुदत आणि २१ दिवसांचा मुक्काम, म्हणजे एखादा दिवस वाया गेला तरी फरक पडत नाही. पण विमानतळावर उतरल्यावर बघू, असं मात्र करू नका. ई-सिम उतरवायलाच इंटरनेट लागतं, आणि ज्या फोनवर ते उतरवायचंय त्याच फोनच्या मेलमध्ये क्यूआर असेल तर स्कॅन कशाने करणार? नव्या आयफोनवर मेलमधल्या क्यूआरवर बोट दाबून धरलं की ई-सिम घालायचा पर्याय येतो. इतर फोनसाठी क्यूआरचा कागदावर प्रिंट काढा, किंवा त्याच्याखाली दिलेली अक्षरं हाताने टाका. ती साधारण अशी दिसतात:

```
LPA:1$rsp.example.com$ABCD-1234-EFGH
```

मधला भाग सर्व्हरचा पत्ता, शेवटचा भाग तुमचा कोड. डॉलरची चिन्हं गाळू नका. पूर्ण ओळ मागितली असेल तर पूर्णच टाका. आणि एकदा उतरवलेलं ई-सिम 'चालत नाही वाटतं' म्हणून काढून टाकू नका. बहुतेकांचा कोड एकदाच चालतो. तुमचा फोन ई-सिम घेतो की नाही हे बघायला `*#06#` दाबा. आयएमईआयबरोबर `EID` असा ३२ आकडी क्रमांक दिसला तर घेतो. फोन कंपनीकडून हप्त्यावर घेतला असेल तर तो त्याच कंपनीला कुलूपबंद नाही ना, तेही विचारून घ्या.

वाटेतल्या थांब्याकडेही लक्ष असू दे. गेल्या मोसमात एक पाहुणे आले होते, त्यांनी 'आशिया'चा प्लॅन घेतला होता. आखाती देशात विमान बदलताना फोन चालू केला, ई-सिमची लाईन चालूच होती, तिने तिथलं नेटवर्क पकडलं आणि घड्याळ सुरू झालं. पंधरा दिवसांचा प्लॅन. आधी काही दिवस मस्कतमध्ये मित्राकडे राहून मग ते इकडे आले, तोवर निम्मी मुदत संपलेली. फक्त भारताचा प्लॅन असेल तर दोहा-दुबईत ते जोडलंच जात नाही, म्हणून तुम्ही भारताचाच घ्या. तरीही मुंबईला किंवा मोपाला चाकं टेकेपर्यंत लाईन बंद ठेवायला काही खर्च येत नाही.

रोमिंग पॅकचं घड्याळ वेगळ्याच तऱ्हेने अंगावर येतं. युरोपात फिरताना घरच्याच दराने डेटा मिळतो याची तुम्हाला सवय झालेली असणार, पण ती सवलत युरोपीय संघ आणि आसपासच्या मोजक्या देशांपुरती आहे; भारत त्यात बसत नाही. इथे दिवसाचा किंवा आठवड्याचा पॅकच घ्यावा लागतो. त्यात 'दिवस' म्हणजे काय ते आधी वाचा. पहिल्या वापरापासून २४ तास असेल तर ठीक. पण दिवस जर्मन कॅलेंडरप्रमाणे बदलत असेल, तर उन्हाळी वेळेत जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्यामुळे तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन. रात्री एकला मुंबईत उतरून तुम्ही डेटा चालू केलात तर अडीच तासांत एक दिवसाचा पॅक खलास, आणि पनवेल गाठेपर्यंत दुसऱ्या दिवसाचे पैसे लागलेले. काही ट्रॅव्हल ई-सिमचे रोजच्या कोट्याचे प्लॅन जागतिक वेळेने चालतात. त्यांचा कोटा आपल्याकडे पहाटे साडेपाचला नव्याने भरतो. हे साडेपाच लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

हॉटस्पॉटबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. ठरावीक जीबीच्या प्लॅनमध्ये कंपनीला त्रास नसतो: तुम्ही २० जीबी विकत घेतले, फोनवर संपवा नाहीतर लॅपटॉपवर. तिथे हॉटस्पॉट बहुधा खुला असतो. 'अनलिमिटेड'मध्ये मात्र तुम्ही जितकं वापराल तितकं कंपनीचं नुकसान, आणि लॅपटॉप म्हणजे मोठा खादाड. म्हणून तिथे तीनपैकी एक नियम लावलेला असतो: हॉटस्पॉट पूर्ण बंद, किंवा रोज ५०० एमबी ते एक जीबी एवढाच, किंवा हॉटस्पॉट चालू पण रोजचे एक-दोन जीबी झाले की सगळ्याचाच वेग इतका खाली की मेलसुद्धा रखडत उघडते. त्याला 'फेअर यूसेज' असं गोंडस नाव असतं. पानाच्या वरच्या भागात हे दिसत नाही, खाली बारीक अक्षरांत `Tethering` किंवा `Hotspot` असा शब्द शोधा. काहीच लिहिलेलं नसेल तर विकणाऱ्याला लेखी विचारा: 'या प्लॅनवर लॅपटॉपला हॉटस्पॉट देता येतो का, आणि त्याला वेगळी मर्यादा आहे का?' उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. रोमिंग पॅकमध्येही हाच प्रश्न विचारा. तिथे हॉटस्पॉट चालतो बहुतेक वेळा, पण पॅकमधले जीबीच इतके थोडे असतात की दोन मीटिंगांत संपतात.

कंपनीला कळतं कसं, असं गिऱ्हाईक विचारतात. फोनमधून निघालेल्या प्रत्येक डेटा-पाकिटावर एक आकडा असतो, साधारण ६४. वाटेतला प्रत्येक टप्पा त्यातून एक वजा करतो. फोनने स्वतः पाठवलेलं पाकीट टॉवरकडे ६४ घेऊन जातं; लॅपटॉपचं पाकीट फोनमधून पार होताना एक टप्पा जास्त घेतं, म्हणून ६३, आणि विंडोजचं असेल तर १२७. एवढ्यावरून ओळखता येतं. हा आकडा बदलायचे उद्योग इंटरनेटवर सापडतील, पण मुदतीच्या मध्यावर प्लॅन बंद पडला तर गावातून भांडणार कोणाशी? हॉटस्पॉटला परवानगी असलेला प्लॅन घेणंच स्वस्त पडतं.

कधी कधी परवानगी असते आणि तरी हॉटस्पॉट चालत नाही. आयफोनवर पर्सनल हॉटस्पॉटचा पर्यायच दिसत नाही किंवा करडा दिसतो. याचं कारण बहुधा एपीएन, म्हणजे इंटरनेटला कुठल्या दारातून जायचं ते फोनला सांगणारं नाव. सेटिंगमध्ये त्या ई-सिमच्या लाईनवर जा, मोबाईल डेटा नेटवर्क उघडा. वर मोबाईल डेटासाठी जो एपीएन लिहिला आहे, तोच जसाच्या तसा खाली पर्सनल हॉटस्पॉटच्या रकान्यात टाका आणि फोन एकदा बंद करून चालू करा. अँड्रॉइडवर त्याच एपीएनच्या पानात 'एपीएन टाइप' नावाचा रकाना असतो, तो असा हवा:

```
default,supl,dun
```

यातलं शेवटचं `dun` म्हणजे लॅपटॉपला वाट करून देणारं. काही फोनमध्ये हे पान बदलूच देत नाहीत. मग विकणाऱ्याच्या मदत कक्षाला लिहिण्याशिवाय इलाज नाही. म्हणून ही परीक्षा गावी पोचल्यावर नव्हे, मुंबई विमानतळावरच करा. तुमच्या फोनवर ई-सिमची लाईन चालू, तिचं डेटा रोमिंग चालू (हे करावंच लागतं, कारण ते सिम इथे पाहुणं आहे), जर्मन लाईनचं डेटा रोमिंग बंद. शिवाय आयफोनवर एका लाईनवरून दुसरीवर डेटा आपोआप वळवणारा पर्याय असतो, तोही बंद. मग वहिनींच्या फोनचा स्वतःचा डेटा बंद करून तो तुमच्या हॉटस्पॉटला जोडा आणि पाच मिनिटं एखादा व्हिडिओ लावा. चालला तर लॅपटॉपही चालेल. नाही चालला तर तिथे बसूनच कंपनीला लिहा.

किती जीबी लागतील? तुमच्या दोन आठवड्यांत कामाचे दिवस दहा. रोज दोन तास व्हिडिओ मीटिंग धरा. चेहरे दिसणारी मीटिंग तासाला साधारण एक जीबी खाते, म्हणजे वीस जीबी. मेल, फायली वगैरे रोजचे अर्धा जीबी धरले तर आणखी पाच. फोनवरचे नकाशे, व्हॉट्सॲप, आरतीचे व्हिडिओ पाठवणं यांना पाच. म्हणजे तुमच्या फोनला तीस जीबीच्या आसपास, आणि मीटिंगमध्ये स्वतःचा कॅमेरा बंद ठेवलात तर बरेच कमी. पण लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे घरचं वायफायच वाटतं. तो गुपचूप विंडोजचा अपडेट खेचतो, फोटोंच्या फोल्डरची मेळवणी सुरू करतो आणि सकाळी चार जीबी गायब असतात. विंडोजमध्ये त्या वायफायला `Metered connection` करा, मॅकवर `Low Data Mode`. आणि मुलांच्या टॅबला हॉटस्पॉटचा पासवर्ड देऊ नका. देऊ नका म्हणजे देऊ नका. पावसात अडकलेली मुलं यूट्यूबवर तासाभरात काय करतात ते मी दुकानात रोज बघतो.

वहिनींच्या फोनसाठी वेगळा, लहान, पाच-दहा जीबीचा प्लॅन घ्या, आणि तो मुद्दाम दुसऱ्या इथल्या नेटवर्कवर बसणारा निवडा. दोघांकडे एकाच नेटवर्कची ई-सिम असतील तर टॉवरची वीज गेली की दोन्ही फोन एकदमच मुके होतात.

आता तुम्ही चतुर्थीच्या दिवसांत येताय, म्हणून हेही सांगतो. एरवी दोनशे माणसांच्या वाडीत हजार उतरतात, सगळ्यांच्या हातात फोन, आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी टॉवर गुदमरतो. इंटरनेट मंद झालं की ते गर्दीमुळे की प्लॅनच्या मर्यादेमुळे, हे ओळखायचं असेल तर पहाटे पाच वाजता वेग मोजा. त्या वेळी वाडी झोपलेली असते. वेग एकदम सुधारला तर दोष गर्दीचा, आणि महत्त्वाचे कॉल सकाळी लवकर किंवा दुपारी दोनच्या सुमाराला ठेवण्याखेरीज उपाय नाही. पाचलाही कासवगतीच असेल तर कोटा संपलेला आहे, ॲपमध्ये बघा. पण साडेपाचनंतर मोजू नका, कारण जागतिक वेळेवर चालणारा रोजचा कोटा तोवर पुन्हा भरलेला असतो आणि दोन्ही कारणं सारखीच दिसतात. फोनवर वेग चांगला आणि त्याच क्षणी लॅपटॉपवर वाईट असेल, तर ती हॉटस्पॉटची वेगळी मर्यादा.

रोमिंग पॅकची एक बाजू मात्र खरी जमेची आहे. रोमिंगचा डेटा साधारणपणे फिरून तुमच्या जर्मन कंपनीतूनच बाहेर पडतो, म्हणून ऑफिसच्या सर्व्हरला तुम्ही जर्मनीत असल्यासारखे दिसता. ट्रॅव्हल ई-सिमचा डेटा सिंगापूर, हाँगकाँग किंवा भलत्याच कुठल्या देशातून बाहेर पडू शकतो. मग बँकेचं ॲप कुरकुरतं, ऑफिसची सुरक्षा व्यवस्था 'हा लॉगिन कुठून?' म्हणून खातं अडवते. निघायच्या आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना भारतातून काम करणार असल्याचं आणि कुठल्या प्रकारचं सिम असेल हे सांगून ठेवा. त्यांनी हट्टच धरला तर कामाच्या दिवसांपुरता रोमिंग पॅक हिशेबात बसतो. त्याच्या किमतीला हॉटस्पॉटवर वापरता येणाऱ्या जीबीने भागून ई-सिमशी तुलना करा, नुसत्या जाहिरातीतल्या जीबीने नको.

आणि हे सगळं जर्मनीतच उरका. २०२४ च्या जानेवारीत दूरसंचार विभागाच्या आदेशानंतर परदेशी ई-सिम विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली आणि त्यांची संकेतस्थळं अडवली गेली, कारण परदेशी कंपनीची सिम इथे विकायला विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. आधीच फोनमध्ये उतरवलेलं ई-सिम चालतं, पण गावात बसून त्यात आणखी जीबी भरायला गेलात तर पानच उघडणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून पाच-दहा जीबी जास्तीचे निघण्याआधीच घ्या, आणि मदत कक्षाचा ईमेल पत्ता लिहून ठेवा. ॲपमधल्या चॅटवर विसंबू नका.

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि आधार असेल तर तिसरा मार्गही आहे: इथलंच प्रीपेड सिम, २८ दिवसांचा पॅक, कुठल्याही दुकानात अंगठा देऊन. जीबीच्या भावात त्याच्याजवळ ना ई-सिम येतं ना रोमिंग. परदेशी पासपोर्ट असेल तर कागदपत्रं जास्त लागतात आणि चतुर्थीच्या गर्दीत त्याला दिवस लागू शकतो. काहीही ठरवलंत तरी पहिले दोन-तीन दिवस ई-सिमवर काढा, म्हणजे प्रवासात आणि पूजेच्या धावपळीत रांगेत उभं राहावं लागणार नाही. घरी किंवा शेजारी फायबरचं कनेक्शन आहे का तेही गावी कराल त्या पहिल्या फोनवरच विचारून घ्या. असेल तर मीटिंगा त्यावर आणि ई-सिम वीज गेल्यावर.

परतताना विमानतळावरच ई-सिमची लाईन बंद करा आणि डेटा जर्मन सिमवर ठेवा. जर्मनीत उतरेपर्यंत जर्मन सिमचं डेटा रोमिंग मात्र बंदच राहू दे, नाहीतर दोह्याच्या थांब्यावर व्हॉट्सॲप चाळताना बिल चढेल.